ताप आलाय, जेवण जात नाही: मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन द्यायचं की थांबवायचं?

वैशाली_ठाणे | मंगळवार, रात्री ९.१०

मंडळी, जरा घाईत लिहितेय. बाबा मिरजेला, मी ठाण्यात. बाबांचं वय ६८, मधुमेह चौदा वर्षं. काल संध्याकाळपासून ताप, आज दुपारी १०१.८. जेवणाची इच्छाच नाही. आईने दिवसभरात ताक आणि मुगाचं कढण दिलं. भात, भाकरी काही नाही, कारण "साखर वाढेल".

आईने व्हॉट्सअ‍ॅपवर गोळ्यांचे फोटो पाठवलेत. सकाळ-संध्याकाळ ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी. सकाळी डापाग्लिफ्लोझिन १०. बीपीची टेल्मिसार्टन, त्यात पाणी काढणारं औषधही आहे. रात्री ग्लार्जिन इन्सुलिन १६ युनिट.

काल रात्री आईने इन्सुलिन दिलंच नाही, "पोटात काही नाही, शुगर खाली जाईल" म्हणून. गोळ्या मात्र सगळ्या दिल्या. आणि आज संध्याकाळी मशीनवर ३१२! काही न खाता ३१२ कशी? आता इन्सुलिन द्यायचं की नाही? नेहमीच्या डॉक्टरांचा फोन लागत नाहीये.

---

दत्ताकाका_परभणी | रात्री ९.२४

वैशालीताई, घाबरू नका. मला वीस वर्षं मधुमेह आहे. माझा साधा नियम: जेवण नाही तर गोळी नाही, आणि इन्सुलिनही नाही. उपाशीपोटी इन्सुलिन घेऊन शेजारचे एक गृहस्थ पहाटे बेशुद्ध सापडले होते. तुमच्या आईंनी योग्यच केलं. ३१२ ही तापाची शुगर आहे, ताप उतरला की आपोआप उतरेल.

---

निशिगंध | रात्री ९.३१

काका, माफ करा, पण इन्सुलिनचं हे सगळ्यांना लागू नाही. माझा मुलगा अकरा वर्षांचा, टाइप १. त्याला ताप आला की आमच्या घरी पहिला नियम असा की इन्सुलिन एकही वेळ चुकवायचं नाही. उलट अशा दिवसांत त्याला नेहमीपेक्षा जास्त लागतं. दर तीन तासांनी गजर लावून रात्रीही बोट टोचते. त्याच्या निदानाच्या वेळी, आम्हाला काहीच माहीत नसताना, तो दोन दिवस अतिदक्षता विभागात होता. ते पुन्हा बघायचं नाही.

टाइप २ मध्ये काय करतात ते मला नीट माहीत नाही. अनघाताई दिसल्या तर सांगतील.

---

अनघा_के | रात्री ९.५२

वैशाली, मी मधुमेहाच्या ओपीडीत रुग्णांना शिकवण्याचं काम करते, डॉक्टर नाही. डोस बदलायला डॉक्टरांशी बोलावंच लागेल. नेहमीचे मिळत नसतील तर मिरजेत दुसरे कुणी फिजिशियन गाठा. पण तोपर्यंत काय चाललंय ते समजून घे.

आधी एक काम. बाबांचं बोट साबणाने धुऊन, पुसून कोरडं करून पुन्हा तपासायला सांग. आजारी माणसाच्या हाताला मोसंबीचा रस, साखर, मध काहीतरी लागलेलं असतं. त्याने मशीन शंभरेक आकडे वर दाखवू शकतं. धुतल्यानंतरचा आकडा इथे लिही.

आता न खाता शुगर का वाढते. तापात शरीर अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल अशी संप्रेरकं सोडतं. ती यकृताला म्हणतात, साठवलेली साखर बाहेर काढ. आणि त्याच वेळी इन्सुलिनचं काम अडवतात. म्हणजे ताटातून साखर येत नसली तरी आतून येत राहते. रात्रीचं ग्लार्जिन जेवणासाठी नसतंच, ते या यकृताला लगाम घालण्यासाठी असतं. माणूस उपाशी असला तरी यकृत थांबत नाही, म्हणून हे इन्सुलिन बंद करायचं नाही. शुगर शंभराच्या आसपास घुटमळत असेल तर डॉक्टर ते थोडं कमी करतात, शून्य नाही. शेजारच्या ज्या गृहस्थांचं काका सांगतायत ते बहुधा जेवणाआधीचं किंवा मिश्र इन्सुलिन असणार. त्याबाबतीत काकांची भीती खरी आहे.

गोळ्यांचं गणित वेगळं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढते, तुम्ही जेवलात की नाही ते बघत नाही. खाणं अर्ध्यावर आलं की ती गोळी धोक्याची. मेटफॉर्मिन उलट्या-जुलाब, पाण्याची कमतरता असली की थांबवतात, कारण किडनी मंदावली की ती अंगात साचते. बाबांची गोळी दोन्हींची एकत्र आहे, अर्धी ठेवून अर्धी थांबवता येत नाही. त्यामुळे जेवण नसेल तर ती आज रात्री देऊ नये असं मी म्हणेन, पण डॉक्टरांना विचारून.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्या डापाग्लिफ्लोझिनची आहे. ती उद्या सकाळी देऊ नका. का ते सविस्तर लिहिते, आधी आकडा कळव.

---

वैशाली_ठाणे | रात्री १०.०४

ताई, हात धुऊन २४६ आली. आईने दुपारी मोसंबी सोलून दिली होती, बाबांनी दोन फोडी चोखून तशाच ठेवल्या म्हणे. आईच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, तिला आकडा नीट दिसत नव्हता, म्हणून मी व्हिडिओ कॉलवर स्वतः बघितला.

---

मंजिरी_प | रात्री १०.१०

छान माहिती. मला नवरात्रात नऊ दिवस उपास असतात, मीही ग्लिमेपिराइड घेते. म्हणजे नऊ दिवस गोळी पूर्ण बंद ठेवायची का? इन्सुलिन मला नाही.

---

अनघा_के | रात्री १०.२८

मंजिरीताई, उपास आणि आजार यात मोठा फरक आहे. उपासात शुगर खाली जाते, तापात ती वर जाते. तुमच्या उपासाला वरई, साबुदाणा, बटाटा असेल तर प्रश्न आणखी वेगळा. वेगळा धागा काढा, तिथे बोलू. एवढंच की नवरात्राआधी डॉक्टरांना भेटा, आपल्या मनाने नऊ दिवस बंद ठेवू नका.

वैशाली, आता डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे रक्तातली साखर फार चढत नाही. एरवी हा गुण आहे, तापात तोच फसवतो. माणूस खात नाही, भात-भाकरी बंद, वर इन्सुलिनही बंद. शरीराला पेशींत साखर नेता येत नाही, मग ते चरबी जाळायला घेतं. चरबी जळली की किटोन तयार होतात. ते साचले की रक्त आंबट होतं. एरवी असं होताना शुगर तीनशे-चारशेच्या वर असते, घरच्यांना लगेच कळतं. या गोळीवर असलेल्या माणसाची शुगर मात्र दीडशे-दोनशेच दिसू शकते. सगळे निर्धास्त, आणि आत रक्त बिघडत चाललेलं.

तुझ्या बाबांच्या बाबतीत तिन्ही गोष्टी एकत्र आल्यात: गोळी दोन्ही दिवस दिली, पिष्टमय खाणं बंद, रात्रीचं इन्सुलिन चुकलं. म्हणून आज इन्सुलिनबद्दल कुणातरी डॉक्टरांशी बोलून घ्याच. आणि शुगर वाढेल म्हणून भात तोडू नका. दर तीन-चार तासांनी थोडी तांदळाची पेज, मऊ भात, नाहीतर तीन-चार मारी बिस्किटं जाऊ देत. थोडी साखर पोटात गेली की चरबी जाळायची गरज कमी होते. शुगर दोनशेच्या आसपास राहिली तर दोन दिवसांनी काही बिघडत नाही.

पाणी तासाला अर्धा ते एक भांडं, घोट घोट. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

---

बार्शीचा_औषधवाला | रात्री १०.४५

माझं मेडिकल आहे. अनघाताईंच्या मुद्द्याला एक जोड देतो, कारण रोज काउंटरवर दिसतं.

लोकांना ब्रँडचं नाव पाठ असतं, आत काय आहे ते नाही. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात नाव असतं, ते वाचा. शेवट "ग्लिफ्लोझिन" असा असेल, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, तर ही तीच जात. पेटंट संपल्यापासून या गोळ्या खूप स्वस्त झाल्या, त्यामुळे बऱ्याच जणांना सुरू झाल्यात. शिवाय मेटफॉर्मिनसोबत किंवा सिटाग्लिप्टिनसोबत एकाच गोळीत येतात. घेणाऱ्याला वाटतं, मी फक्त "शुगरची एक गोळी" घेतो.

दुसरं ओआरएसबद्दल. मधुमेही माणूस म्हणतो, नको, त्यात साखर असते. खऱ्या ओआरएसच्या लिटरच्या पुडीत ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम असतं, म्हणजे एका भांड्यात एका चमच्याहूनही कमी. तेवढ्याने काही होत नाही. पण ओआरएससारखी दिसणारी गोड टेट्रापॅकची पेयं घेऊ नका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी घातली. तरी मागताना "लिटरभर पाण्यात घालायची पुडी द्या" असंच सांगा.

---

दत्ताकाका_परभणी | रात्री ११.०२

ग्लार्जिनचं समजलं, मी चुकलो. पण मी ३०/७० चं मिश्र इन्सुलिन घेतो, सकाळी २४ आणि रात्री १६. माझ्या इन्सुलिनमध्ये यकृताला लगाम घालणारं आणि जेवणाचं दोन्ही एकाच बाटलीत आहे. जेवलो नाही तर मी काय करायचं? बंद केलं तर तो लगाम जातो, घेतलं तर शेजाऱ्यासारखं पहाटे सापडेन.

---

अनघा_के | रात्री ११.१५

काका, अगदी नेमका प्रश्न विचारलात, आणि याला सगळ्यांना चालेल असं उत्तर नाही. मिश्र इन्सुलिन पूर्ण बंद करत नाहीत. किती कमी करायचं ते त्या वेळची शुगर आणि पोटात काय गेलंय यावर ठरतं. म्हणून तुमच्यासारख्यांनी बरे असतानाच डॉक्टरांकडून आकडे लिहून घ्यावेत: अर्धं जेवण गेलं तर किती, काहीच गेलं नाही तर किती, आणि शुगर किती असेल तेव्हा घ्यायचं नाही. आजारपणात मध्यरात्री डोकं चालत नाही.

---

वैशाली_ठाणे | रात्री ११.४०

दुसरे डॉक्टर मिळाले. ग्लार्जिन १६ द्या म्हणाले, दिलं. सकाळच्या मधुमेहाच्या दोन्ही गोळ्या बंद. तापाला पॅरासिटामॉल. आई पेज लावतेय. सगळ्यांचे आभार.

---

लेस्टरकर | बुधवार, पहाटे ४.२०

इकडे इंग्लंडमध्ये माझ्या सासूबाईंना दवाखान्यातून खिशात ठेवायचं एक कार्ड मिळालंय. आजारी पडून पाणी कमी पडलं तर कुठल्या गोळ्या थांबवायच्या, असं त्यावर लिहिलंय. त्यात बीपीच्या गोळ्यांचाही उल्लेख आहे, टेल्मिसार्टनच्या जातीच्या, आणि पाणी काढणाऱ्याही. खाणं-पिणं पूर्ववत होऊन एक-दोन दिवस गेले की पुन्हा सुरू करायच्या. वैशालीच्या बाबांची बीपीची गोळी चालूच आहे का?

---

बार्शीचा_औषधवाला | सकाळी ८.०५

यात डॉक्टरांचं एकमत नाही बरं का. आमच्याकडचे एक फिजिशियन उलट्या-जुलाब असले की थांबवायला सांगतात. दुसरे म्हणतात, नुसत्या तापात थांबवली आणि बीपी चढलं तर? म्हाताऱ्या माणसांना "ही थांबव, ती थांबव" सांगितलं की ते सगळंच थांबवतात आणि पुन्हा सुरू करायचं विसरतात, हेही खरं.

---

वैशाली_ठाणे | सकाळी ९.३०

आनंदाची बातमी! ताप ९९.४ वर आलाय. शुगर १७८! पेज चार घास खाल्ली. फक्त पहाटे एक आणि आता एक अशा दोन उलट्या झाल्या, आणि पोटात दुखतंय म्हणतात. बहुतेक अ‍ॅसिडिटी. रात्रीच्या इन्सुलिनने काम केलं. बीपीची गोळी दिली सकाळी.

---

दत्ताकाका_परभणी | सकाळी ९.४१

१७८ म्हणजे उत्तम. दोन दिवस पोट रिकामं, वर पॅरासिटामॉल, पित्त होणारच. थंड दूध द्या थोडं.

---

अनघा_के | सकाळी ९.५८

वैशाली, हे वाचलंस की लगेच आईला फोन कर. मला या १७८ चीच भीती होती.

ताप उतरतोय, शुगर छान दिसतेय, आणि तरी नव्याने उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली. हे पित्त असेलही, पण डापाग्लिफ्लोझिन घेतलेल्या माणसात किटोन तपासल्याशिवाय पित्त म्हणायचं नाही. गोळी काल सकाळी शेवटची गेली ना? तिचा परिणाम गोळी थांबवल्यावरही काही दिवस राहतो. म्हणूनच ऑपरेशनच्या आधी ती किमान तीन दिवस बंद ठेवायला सांगतात.

कुणाला तरी मेडिकलमध्ये पाठव. "लघवीत किटोन तपासायच्या पट्ट्या" मागायला सांग. पट्टी लघवीत बुडवून काढायची, डब्यावर लिहिलेले सेकंद मोजायचे, मग डब्यावरच्या रंगांशी जुळवायची. जास्त वेळ ठेवून बघितली तर रंग चुकतो. साखरेचा चौकोन गडद येईल, त्याकडे बघू नका. या गोळीवर लघवीत साखर चार प्लस असणारच, तेच तिचं काम आहे. बघायचा तो किटोनचा चौकोन.

दोन दिवस कमी खाल्लं की थोडे किटोन कुणालाही दिसतात, फिकट गुलाबी. तेवढ्याने घाबरायचं नाही. जांभळ्याकडे गेला तर थेट हॉस्पिटल. आणि पट्टी मिळाली नाही, किंवा आणखी एक उलटी झाली, तर पट्टीची वाट बघत बसू नका. या गोळीवर पट्टी कधी कधी खऱ्यापेक्षा कमी दाखवते.

अजून एक. बाबा झोपलेले असताना त्यांचा श्वास एक मिनिट मोजायला सांग. छाती खोल आणि भराभर हलतेय का?

---

वैशाली_ठाणे | सकाळी ११.१५

श्वास २८. भाऊ पट्ट्या घेऊन आला, चौकोन गडद जांभळा. निघालेत हॉस्पिटलला.

---

निशिगंध | सकाळी ११.२२

वैशाली, सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप सोबत दे. आणि दारातच "डापाग्लिफ्लोझिन चालू होती, लघवीत किटोन आहेत" हे पहिलं वाक्य सांगायला सांग. शुगर १७८ बघून बाकावर बसवून ठेवतील, असं होऊ नये.

---

वैशाली_ठाणे | बुधवार, रात्री १०.३०

बाबा आयसीयूत आहेत, बोलतायत. मीही पोचले.

भावाने दारातच निशिगंध म्हणाली तसंच सांगितलं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर मॅडमनी लगेच मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं. पीएच ७.१८, बायकार्बोनेट ११, रक्तातले किटोन ४.६. शुगर तेव्हा १८४. मॅडम म्हणाल्या, किटोन तीनच्या वर गेले की आम्ही वाट बघत नाही.

मग सलाइन, आणि इन्सुलिनची ड्रिप. त्याच स्टँडवर ग्लुकोजची बाटली. भाऊ चक्रावला, एका हाताने इन्सुलिन आणि दुसऱ्या हाताने साखर? त्याला वाटलं कुणीतरी चुकून लावली. सिस्टरनी समजावलं की किटोन थांबवायला इन्सुलिन लागतंच. पण शुगर आधीच कमी आहे, नुसतं इन्सुलिन दिलं तर ती साठवर येईल. म्हणून साखर देत देत इन्सुलिन द्यायचं. दर तासाला शुगर, आणि मधे मधे पोटॅशियम बघतायत.

डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह. लघवीत इन्फेक्शन निघालंय, तापाचं मूळ तेच.

---

दत्ताकाका_परभणी | रात्री १०.४८

वैशालीताई, मी थंड दूध द्या म्हणालो होतो. दिवसभर ते मनातून जात नाही. माझं ऐकून तुम्ही थांबला असता तर? बाबा बरे होऊ देत.

---

वैशाली_ठाणे | रात्री १०.५५

काका, असं म्हणू नका. अ‍ॅसिडिटी मीच आधी लिहिलं होतं.

---

सह्याद्री_२ | गुरुवार, सकाळी ७.५०

दुसऱ्या टोकाचा अनुभव लिहितो, म्हणजे फक्त किटोनकडेच लक्ष राहू नये. माझे सासरे, ७४, किडनी थोडी कमजोर, फक्त ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. गेल्या पावसाळ्यात ताप, खाणं नाही, गोळी मात्र वेळेवर. दुसऱ्या रात्री घामाने उशी भिजली, काहीतरी असंबद्ध बोलू लागले. शुगर ४८. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी ८९ झाली. आम्ही निवांत झोपलो. दोन तासांनी पुन्हा ५२.

डॉक्टर म्हणाले, किडनी मंद असली की ही गोळी अंगात रेंगाळते, एकदा साखर देऊन भागत नाही. दीड दिवस ग्लुकोज लावून ठेवलं.

---

अनघा_के | सकाळी ८.३५

सह्याद्री, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ग्लिमेपिराइडमुळे खाली गेलेली शुगर एकदा वर आली म्हणजे संपलं असं नसतं. साखरपाण्यानंतर काहीतरी पोटात टिकणारं द्यायचं, पेज, पोळी, दूध-बिस्किट, आणि पुढची रात्रभर तासा-दोन तासांनी बघायचं. म्हातारा माणूस आणि कमजोर किडनी असेल तर पहिल्याच वेळी दवाखान्यात न्यावं.

---

कोकणस्थ_नाही_कोकणी | सकाळी ९.१०

माझं वेगळंच. मागे तापात गावातल्या दवाखान्यात गेलो, त्यांनी एक इंजेक्शन दिलं. ताप झटकन उतरला, भूकही लागली, पण शुगर दोन दिवस ३८० च्या खाली येईना. नंतर कळलं ते स्टिरॉइड होतं. आता मी दारातच सांगतो, मला मधुमेह आहे, स्टिरॉइड देणार असाल तर आधी सांगा. तुम्ही सगळे गोळ्यांचं बोलताय, पण इंजेक्शनमध्ये काय आहे ते कोण विचारतं?

---

अनघा_के | सकाळी ९.२६

विचारायलाच हवं. कधी कधी स्टिरॉइड खरंच गरजेचं असतं, दम्यात वगैरे. पण मग दोन-तीन दिवस शुगर वर राहणार हे माहीत असलं पाहिजे, म्हणजे त्याप्रमाणे औषध वाढवता येतं. आणि याच्या उलट, लोक खोकल्याच्या औषधातल्या साखरेला भितात. दोन चमचे सिरपमधली साखर नगण्य आहे.

---

वैशाली_ठाणे | शनिवार, संध्याकाळी ६.४०

बाबांना आज वॉर्डात आणलं. गुरुवारी रात्री किटोन ०.५ झाले. कालपासून जेवतायत, आज वरणभात मागून घेतला. उद्या-परवा घरी.

डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन कायमची बंद केली आणि फाइलवर लाल पेनाने लिहिलं, पुन्हा देऊ नये. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन जेवण नीट सुरू झाल्यावर दोन दिवसांनी, किडनीचा रिपोर्ट बघून. ग्लार्जिन तूर्त २०.

मी विचारलं, ही गोळी सुरू करताना आम्हाला कुणी का नाही सांगितलं? ते म्हणाले, गोळी चांगली आहे, हृदयाला आणि किडनीला उपयोगी आहे, लाखो लोक घेतात, आणि असं क्वचितच होतं. पण आजारपणात थांबवायची, हे तोंडी सांगितलेलं घरी पोचत नाही.

आई सारखी म्हणतेय, मी इन्सुलिन दिलं असतं तर. मी तिला हा धागा वाचून दाखवला. कढण दिलं, भात नाही दिला, तेही तिला लागलंय. चौदा वर्षं तिला सगळ्यांनी एकच सांगितलं, भात कमी. आजारी असताना उलटं करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं.

गोळ्यांचा आमचा जुना स्टीलचा डबा आहे. त्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय. मोठ्या अक्षरात, आईला चष्म्याशिवाय दिसेल असं. "रात्रीचं इन्सुलिन थांबवायचं नाही. जेवण अर्ध्याहून कमी असेल तर सकाळ-संध्याकाळची पांढरी गोळी द्यायची नाही, फोन करायचा. पेज चालू. हात धुऊन शुगर, दर चार तासांनी, रात्री एकदा. उलटी दोनदा झाली, किंवा श्वास भराभर, किंवा नीट बोलत नाहीत: शुगर कितीही असो, रिक्षा." खाली दोन डॉक्टरांचे आणि भावाचा नंबर.

---

लेस्टरकर | संध्याकाळी ७.१५

कागदावर टेल्मिसार्टनचं काय लिहिलंस?

---

वैशाली_ठाणे | संध्याकाळी ७.३०

तेच अडलंय. आयसीयूच्या डॉक्टरांनी उलट्या थांबेपर्यंत बंद ठेवली होती. वॉर्डातले म्हणाले, पुढच्या वेळी नुसता ताप असेल तर चालू ठेवा, फक्त बीपी मोजा. वरचं बीपी शंभराच्या खाली असेल किंवा उलट्या-जुलाब असतील तर देऊ नका. तूर्त तेवढी ओळ पेन्सिलीने लिहिलीय. नेहमीच्या डॉक्टरांना भेटल्यावर पेनाने लिहीन.

---

दत्ताकाका_परभणी | रविवार, सकाळी १०.२०

काल माझ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तब्येत ठणठणीत असताना आलात, काय झालं, म्हणाले. मी म्हटलं, आजारी पडल्यावर काय करायचं ते लिहून द्या. त्यांनी पॅडवर लिहून दिलं. अर्धं जेवण गेलं तर सकाळी २४ ऐवजी १६, रात्री १६ ऐवजी १०. काहीच गेलं नाही तर आधी शुगर बघून त्यांना फोन. शुगर शंभराच्या खाली असेल तर फोन केल्याशिवाय टोचायचं नाही. हे माझ्यासाठी आहे, कुणी स्वतःला लावू नका.

आणि माझ्या गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून वाचली. सकाळच्या गोळीत एम्पाग्लिफ्लोझिन निघालं. दोन वर्षं घेतोय. अनघाताई, किटोनच्या पट्ट्यांचा डबा एकदा उघडला की किती दिवस चालतो?

---

अनघा_के | सकाळी १०.५५

काका, डब्यावर बघा, उघडल्यानंतर किती महिने ते लिहिलेलं असतं. उघडल्याची तारीख पेनाने डब्यावर टाका. झाकण घट्ट लावायचं आणि बाथरूममध्ये ठेवायचा नाही, ओलाव्याने पट्ट्या खराब होतात.